दूध घालण्यापूर्वीचा करार: फॅट, दर आणि पगाराच्या अटी कशा लिहून घ्याव्यात

निफाड तालुक्यात आमच्या गोठ्यावर आठ संकरित गायी आहेत आणि दोन्ही वेळचे मिळून रोज सुमारे १२० लिटर दूध निघते. पहिल्या वर्षी मी एका खासगी संकलन केंद्रावर केवळ तोंडी बोलण्यावर दूध घालायला सुरुवात केली. केंद्राच्या फळ्यावर '३.५/८.५ ला ३३ रुपये' असे लिहिलेले होते, म्हणजे ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ, अर्थात फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, असलेल्या दुधाला लिटरमागे ३३ रुपये, आणि तोच आपला दर असे मी धरून चाललो. दहा दिवसांनी पहिला पगार हातात आला तेव्हा लिटरमागे सरासरी २९ रुपये ६० पैसे पडले होते. मी विचारायला गेलो, तर प्रत्येक कपातीचे उत्तर तयार होते आणि त्यातले एकही उत्तर सरळ खोटे म्हणता येत नव्हते. ते प्रश्न दूध घालण्यापूर्वी विचारायला हवे होते, एवढेच मला त्या दिवशी कळले. नाशिक जिल्ह्यात नव्याने दूध धंद्यात उतरणाऱ्यांनी खासगी खरेदीदाराशी करार करताना काय लिहून घ्यावे, हे त्या एका पगाराचा हिशोब उलगडत पुढे सांगितले आहे. सहकारी संस्थेचे सभासद असाल तर संस्थेचे उपविधी लागू होतात आणि त्यांची मांडणी वेगळी असते. हा लेख खासगी खरेदीदारापुरता आहे.

करार नेमका कोणाशी

गावातले संकलन केंद्र चालवणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः खरेदीदार नसतो. तो एखाद्या डेअरीचा कमिशन घेणारा प्रतिनिधी असतो किंवा स्वतः दूध विकत घेऊन पुढे शीतकरण केंद्राला विकणारा व्यापारी असतो. या दोन्हींत पैशाची जबाबदारी पूर्णपणे वेगळ्या माणसावर येते. म्हणून पहिली अट अशी लिहावी: 'दुधाची किंमत देण्याची जबाबदारी अमुक यांची असून, डेअरीकडून रक्कम आली नाही या कारणावरून उत्पादकाचे देयक थांबवता येणार नाही.' केंद्रचालक प्रतिनिधी असेल तर डेअरीचे अधिकारपत्र करारासोबत जोडून घ्यावे. आपल्या भागात दुधाचे पैसे अडकण्याचे प्रसंग येतात तेव्हा पहिला वाद याच मुद्द्यावर होतो, आणि केंद्रचालकही त्याच गावचा असल्याने तो वाद कडवट होतो.

नमुना: फॅट यंत्राच्या आधी ठरते

फॅट तपासणीबद्दल बोलताना सगळे यंत्राबद्दल बोलतात, पण माझ्या अनुभवात निम्मी गडबड नमुना घेण्यातच होते. दूध थोडा वेळ स्थिर राहिले की साय वर येते. निफाडच्या थंडीत तर संध्याकाळचे दूध सकाळपर्यंत कॅनमध्ये राहिले की सायीचा थर कॅनच्या भिंतीला आणि झाकणाला चिकटतो. डिसेंबरातल्या एका सकाळी मी केंद्रावर पाहिले: मुलाने कॅन वजनाच्या भांड्यात ओतला, झाकणाच्या आतल्या बाजूला बोटभर जाड पिवळसर साय तशीच राहिली, आणि ओगराळे खालपर्यंत बुडवून त्याने नमुना घेतला. फॅट ३.३ लागली. मी झाकण आणि कॅन त्याच दुधाने खळखळून घेतले, दूध दांड्याच्या ढवळणीने वरखाली चांगले ढवळले आणि पुन्हा नमुना घ्यायला लावला, तेव्हा यंत्राने ३.८ दाखवली. दूध तेच, कॅन तोच आणि मधे पाच मिनिटेही गेली नव्हती.

त्यामुळे करारात नमुन्याची पद्धत लिहावी. दूध वजनाच्या भांड्यात पूर्ण ओतल्यावर ढवळणीने किमान आठ-दहा वेळा वरखाली ढवळून, लगेच मधल्या थरातून नमुना घ्यावा. हे उत्पादक किंवा त्याचा माणूस समोर असताना व्हावे. नुकतेच काढलेले, फेसाळ दूध यंत्रात लावू नये, कारण आपल्याकडची बहुतेक यंत्रे ध्वनिलहरींवर चालतात आणि दुधातले हवेचे बुडबुडे आकडा बिघडवतात. दुधाची घनता दाखवणाऱ्या लॅक्टोमीटरची डिग्रीही धारेच्या ताज्या दुधात थोडी कमी लागते. अर्ध्या-पाऊण तासाने ती नीट लागते. गोठा केंद्राला लागून असेल आणि दूध धार काढल्या काढल्या जात असेल, तर हा मुद्दा तुमच्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे.

डिग्री, सूत्र आणि एसएनएफ

आता माझ्या पहिल्या पगाराकडे येतो. दुधाची सरासरी फॅट ३.७ आणि डिग्री २८ लागत होती. डिग्रीवरून एसएनएफ काढण्याची एकाहून अधिक सूत्रे वापरात आहेत आणि ती एकाच दुधाला वेगवेगळे उत्तर देतात. एका सूत्रात डिग्रीला चारने भागून त्यात फॅटची ०.२५ पट आणि ०.४४ मिळवतात. दुसऱ्यात डिग्रीला चारने भागून फॅटची ०.२१ पट आणि ०.३६ मिळवतात. माझ्या दुधाला पहिल्या सूत्राने ७ + ०.९२५ + ०.४४ म्हणजे ८.३६५ एसएनएफ येते, तर दुसऱ्याने ७ + ०.७७७ + ०.३६ म्हणजे ८.१३७. केंद्रावर दुसरे सूत्र वापरले जात होते आणि दशांशानंतरचा दुसरा आकडा सोडून दिला जात होता, म्हणून पावतीवर ८.१ पडत होते. पहिल्या सूत्राने तोच आकडा ८.३ पडला असता. यंत्र एसएनएफ थेट दाखवत असले तरी त्याच्या आतल्या सेटिंगला हीच गोष्ट लागू होते. म्हणून 'एसएनएफ अमुक सूत्राने काढला जाईल' किंवा 'यंत्राची सेटिंग अमुक राहील आणि ती बदलायची झाल्यास लेखी कळवले जाईल' असे वाक्य करारात असले पाहिजे. लॅक्टोमीटर २७ अंश सेल्सिअसला जुळवलेला असेल तर दुधाचे तापमान मोजून डिग्रीत दुरुस्ती केली जाईल, हेही लिहावे; गार दुधात डिग्री वाढीव दिसते आणि कोमट दुधात कमी, त्यामुळे ही दुरुस्ती दोन्ही बाजूंच्या हिताची आहे.

आता कपातीचा तक्ता पाहू. ३.५/८.५ हा पायाभूत दर असतो आणि त्याच्या वर-खाली प्रत्येक ०.१ ला 'पॉइंट' म्हणतात. त्या केंद्रावर फॅटचा पॉइंट वाढला तर ३० पैसे मिळत होते, पण एसएनएफचा पॉइंट कमी झाला तर एक रुपया कापला जात होता. माझ्या दुधाची फॅट ३.७, म्हणजे दोन पॉइंट वर, म्हणून ६० पैसे जमा. एसएनएफ ८.१, म्हणजे चार पॉइंट खाली, म्हणून चार रुपये वजा. ३३ अधिक ०.६० उणे ४, म्हणजे २९.६०. पहिले सूत्र असते तर एसएनएफ दोनच पॉइंट खाली पडला असता आणि दर ३१.६० निघाला असता. आणि एसएनएफची कपातही फॅटसारखी ३० पैसे असती, तर ६० पैसे जमा, ६० पैसे वजा, म्हणजे पूर्ण ३३ रुपये. फळ्यावरचा आकडा तिन्ही वेळा ३३च राहिला असता. दहा दिवसांच्या १,२०० लिटरवर २९.६० आणि ३३ यांतला फरक ४,०८० रुपये होतो. म्हणून करार करताना पायाभूत दराबद्दल घासाघीस करण्यापेक्षा तक्त्याबद्दल घासाघीस करावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. संपूर्ण तक्ता, वाढीचा आणि कपातीचा, दोघांच्या सह्यांसह कराराला जोडून घ्यावा. आकडा कसा पूर्णांकित करायचा तेही लिहावे: ८.३६ हे ८.४ धरायचे की ८.३, एवढे एकच वाक्य पुरते.

इथे खरेदीदाराची बाजूही समजून घेतली पाहिजे. एसएनएफ कमी म्हणजे पाणी घातल्याचा संशय, आणि पुढे पावडर बनवणाऱ्याला त्याच घन पदार्थांचे पैसे मिळतात, म्हणून तो तिथे कडक असतो. पण चाऱ्याची कमतरता, उन्हाळ्याचा ताण किंवा कासदाह यांमुळेही एसएनएफ खाली येतो. पाण्याचा संशय असेल तर तपासणी करून तसे लेखी कळवण्याची अट घालावी. तक्त्यातून मूकपणे शिक्षा नको.

यंत्र, काटा आणि फेरतपासणी

यंत्र रोज धुतले जाते का आणि त्याचा आकडा गर्बर पद्धतीशी ताडला जातो का, हे दोन प्रश्न विचारावेत. गर्बर पद्धतीत ठरावीक मापाचे दूध, गंधकाम्ल आणि अमाइल अल्कोहोल ब्युटिरोमीटरमध्ये घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि वर आलेल्या फॅटचा स्तंभ वाचतात. ती जुनी आणि सावकाश चालणारी आहे, पण वाद मिटवायला तीच धरतात. करारात असे लिहावे की पंधरा दिवसांतून एकदा यंत्राचा आकडा गर्बरशी ताडून नोंदवहीत लिहिला जाईल आणि ती वही उत्पादकाला पाहता येईल.

फेरतपासणीचा हक्क मात्र नीट लिहायला हवा, नाहीतर तो कागदावरच राहतो. आम्ही आता जो करार केला आहे त्यात असे आहे: उत्पादकाने मागणी केल्यास, ढवळलेल्या एकाच दुधातून दोन बाटल्या भरून, दोघांच्या सहीच्या चिठ्ठ्या लावून त्या सीलबंद करायच्या, एक खरेदीदाराकडे, एक आधी ठरवलेल्या प्रयोगशाळेत. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवायची. प्रयोगशाळेचा फॅटचा आकडा आणि केंद्राचा आकडा यांत ०.१ पेक्षा जास्त फरक निघाला, तर त्या पगाराच्या सर्व दिवसांचा हिशोब त्या फरकाने दुरुस्त करायचा आणि तपासणीचे शुल्क ज्याचा आकडा चुकला त्याने द्यायचे. फरक त्यापेक्षा कमी असेल तर शुल्क उत्पादकाचे. ०.१ ची मर्यादा ठेवली, कारण एकाच दुधावर दोन जागी केलेल्या गर्बर चाचणीतही तेवढा फरक पडू शकतो. आपल्या बाजूने आणखी कडक मर्यादा मागितली तर दर आठवड्याला निष्फळ भांडणे होतात.

काट्याबद्दल दोनच गोष्टी. त्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा चालू वर्षाचा पडताळणी शिक्का असावा आणि प्रमाणपत्र केंद्रावर लावलेले असावे. काटा किलोत मोजतो आणि दर लिटरला असतो, म्हणून किलोचे लिटर कोणत्या आकड्याने करायचे तेही लिहावे, सर्वसाधारणपणे १.०३ ने भागतात. पावतीवर लिटरचा दशांश सोडून दिला जात असेल तर दर पाळीला सरासरी अर्धा लिटर जातो. दिवसात दोन पाळ्या, दहा दिवसांत वीस, म्हणजे दहा लिटर. नवखा माणूस याकडे लक्ष देत नाही, कारण एका पावतीवर तो फरक दिसतच नाही.

दर बदलण्याची अट

दर कायम राहील असे कोणताही खरेदीदार लिहून देणार नाही आणि दिलेच तर पाळणार नाही. गायीच्या दुधाचा दर पावडर आणि बटरच्या बाजारावर चालतो. हिवाळ्यात दूध वाढते, पावडरचे भाव पडले की खरेदीदर झपाट्याने उतरतात, आणि उन्हाळ्यात दूध आटले की खरेदीदार एकमेकांपेक्षा जास्त दर द्यायला लागतात. राज्य शासनाने जुलै २०२३ मध्ये ३.५/८.५ च्या गायीच्या दुधाला किमान ३४ रुपये दर जाहीर केला होता, तरी त्याच वर्षाच्या हिवाळ्यात खासगी खरेदी त्याच्या बरीच खाली गेली आणि २०२४ च्या जानेवारीत शासनाला लिटरमागे पाच रुपयांचे अनुदान सुरू करावे लागले. जाहीर दरावर विसंबून करार कोरा ठेवणे किती धोक्याचे आहे, हे त्या काही महिन्यांत आपल्या जिल्ह्यातल्या अनेकांनी अनुभवले.

म्हणून दर किती राहील याऐवजी तो कसा बदलेल हे लिहावे. पहिली गोष्ट, बदलाची सूचना लेखी किंवा ठरलेल्या मोबाइल क्रमांकावर संदेशाने, किमान सात दिवस आधी. दुसरी, नवा दर नेहमी पुढच्या पगाराच्या पहिल्या दिवसापासून लागू होईल. मधूनच किंवा मागील तारखेपासून नाही. ही दुसरी अट मला सर्वांत मोलाची वाटते. दुधाचा हिशोब दहा दिवसांनी होतो, त्यामुळे 'पाच तारखेपासून दर दोन रुपयांनी कमी झाला' हे उत्पादकाला अकरा तारखेला कळते, तोवर त्याचे सहा दिवसांचे दूध जाऊन चुकलेले असते. तिसरी, तक्ता हाही दराचाच भाग आहे आणि त्यातला बदल याच सूचनेने होईल, असे स्पष्ट लिहावे. पायाभूत दर तसाच ठेवून पॉइंटची कपात वाढवणे ही दरकपातच असते, पण फळ्यावर ती दिसत नाही.

शक्य असेल तर दराला एखादा आधार जोडावा. उदाहरणार्थ, 'परिसरातील अमुक तीन खरेदीदारांच्या त्याच गुणप्रतीच्या दरांच्या सरासरीपेक्षा दर एक रुपयापेक्षा जास्त खाली जाणार नाही.' खरेदीदार हे मान्य करेलच असे नाही. रोज शंभर-सव्वाशे लिटर घालणाऱ्याच्या हातात तेवढी ताकद नसते. तसे झाले तर बाहेर पडण्याचा हक्क पक्का करावा: दर कमी झाल्याची सूचना मिळाल्यावर उत्पादक पुढच्या पगारापासून, कोणताही दंड न देता, दूध बंद करू शकेल. खरेदीदार याबदली उन्हाळ्यात अचानक दूध तोडू नये अशी अट मागतो, आणि ती रास्त आहे. दोन्हीकडे सारखीच मुदत ठेवावी. सुट्टीच्या दिवशी किंवा दूध जास्त झाल्यावर खरेदीदार दूध नाकारणार असेल, तर ते किती तास आधी कळवायचे आणि न कळवता नाकारल्यास त्या दिवसाचे पैसे कोणी सोसायचे, हेही इथेच लिहावे. काढलेले दूध घरी परत आणून काही करता येत नाही.

पगार, उचल आणि थकबाकी

आपल्याकडे महिन्याचे तीन पगार असतात: १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. प्रत्येक पगार संपल्यावर किती दिवसांत रक्कम बँकेत जमा होईल, हे करारात तारखेसह लिहावे. पगार संपल्यानंतर पाच दिवस धरले, तर रोज १२० लिटर आणि ३३ रुपये दराने पैसे येण्याच्या दिवशी तुमचे १५ दिवसांचे, म्हणजे ५९,४०० रुपयांचे दूध खरेदीदाराकडे असते. एक पगार चुकला आणि तुम्ही दूध घालत राहिलात तर पुढच्या पगाराच्या दिवशी तो आकडा २५ दिवसांचा, ९९,००० रुपयांचा होतो. ही उत्पादकाने खरेदीदाराला दिलेली बिनव्याजी उधारीच असते.

उशिरासाठी व्याजाची अट बहुतेक नमुन्यांत असते, पण ती फार काही करत नाही. ३९,६०० रुपयांचा पगार दहा दिवस उशिरा आला आणि व्याज दरसाल १२ टक्के असेल, तर सुमारे १३० रुपये मिळतात. खरेदीदाराला त्याने काही फरक पडत नाही. खरे संरक्षण वेगळ्या वाक्यात असते: 'देय तारखेनंतर सात दिवसांत पूर्ण रक्कम जमा न झाल्यास उत्पादक पूर्वसूचनेशिवाय दूध बंद करू शकेल व तो करारभंग ठरणार नाही.' हे वाक्य असेल तर दुसऱ्या पगाराची देय तारीख येण्यापूर्वीच तुम्ही मोकळे होता. माझ्या शेजारच्या गावात एका शेतकऱ्याने 'आज-उद्या देतो' या शब्दावर दीड महिना दूध घातले, आणि नंतर नुसती मुद्दल वसूल करायला त्याला वर्ष गेले.

कपातींचा भाग काळजीने वाचावा. पशुखाद्य, औषधे, उचल, वाहतूक यांची रक्कम पगारातून कापली जाते. प्रत्येक कपातीमागे तुमच्या सहीची चिठ्ठी असावी आणि एका पगारातून कपात किती टक्क्यांपर्यंत होईल याला मर्यादा असावी. उचल घेतली असेल तर हप्ता आणि शेवटची तारीख लिहून घ्यावी. बिनव्याजी उचल दिसायला फार चांगली असते, पण ती फिटेपर्यंत दुसरीकडे दूध घालता येणार नाही अशी अट तिच्याबरोबर येते, आणि मग दराबद्दलचे वर लिहिलेले सगळे हक्क निरुपयोगी होतात. उचल घ्यायचीच असेल तर 'शिल्लक रक्कम एकरकमी भरून उत्पादक केव्हाही मोकळा होऊ शकेल' हे वाक्य सोडू नये.

सही करण्यापूर्वी

करार मुद्रांकावर करावा. राज्यात ऑक्टोबर २०२४ पासून अशा कामांसाठी शंभर रुपयांऐवजी पाचशे रुपयांचा मुद्रांक लागतो. दोन प्रती, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, तक्ता जोडलेला, दोन साक्षीदार. वाद झाल्यास तो नाशिक जिल्ह्यातील न्यायालयातच चालेल असे लिहावे, कारण मोठ्या खरेदीदारांच्या छापील नमुन्यात अनेकदा त्यांच्या मुख्य कार्यालयाचे शहर असते. शेवटचा मसुदा एकदा वकिलाला दाखवावा.

सही झाल्यावर पहिले तीस दिवस रोजच्या पावत्या एका वहीत चिकटवाव्यात आणि शेजारी स्वतः मोजलेले लिटर लिहावे. घरी लॅक्टोमीटर आणि थर्मामीटर ठेवला तर डिग्रीचाही ताळा लागतो. पहिला पगार आला की वहीतल्या आकड्यांवरून, कराराला जोडलेल्या तक्त्याने स्वतः हिशोब करून पाहावा. फरक निघाला तर तो त्याच आठवड्यात, पावत्या दाखवून, लेखी कळवावा. दुसरा पगार झाल्यावर पहिल्याची दुरुस्ती कोणी करत नाही.